एक बाथरूम, पाच माणसं आणि दारामागचे सहा हुक: डोंबिवलीतल्या एका घराचं प्रकरण

घर वन बीएचके, डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. राहणारी माणसं पाच: आजी, नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि चौथीतला मुलगा. अशा जुन्या इमारतींत असतं तसं इथेही संडास वेगळा, बाथरूम वेगळी आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. बाथरूम चार फूट बाय सात फूट. मी घरं लावून द्यायची कामं करते. ताईंनी मला बोलावलं ते स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी. बाथरूमचा विषय निघाला तो मी हात धुवायला गेले तेव्हा, आणि तोही आजींनी काढला. "आमच्याकडे टॉवेल कधी वाळतच नाही बघ, आणि दार उघडलं की सगळा बाजार अंगावर येतो."

बाजार खराच होता. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची प्लॅस्टिकची पट्टी, तिला सहा हुक. हुकांमधलं अंतर जेमतेम आठ सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं. त्या सहा हुकांवर चार टॉवेल, आजींचा पंचा, ताईंचा गाऊन, मुलाची शाळेची चड्डी आणि कुणाची तरी ओढणी. एकाचा टॉवेल काढायचा तर वरचे दोन खाली पडणार. पडला की ओल्या फरशीवर, तिथून उचलून परत त्याच हुकावर. कुबट वास त्यामुळेच. ताई बिचाऱ्या दर दोन दिवसांनी टॉवेल गरम पाण्यात भिजवत होत्या, पण धुऊन आलेला टॉवेल पुन्हा त्याच गर्दीत लटकत होता. दिवसभर ओला राहिलेल्या कापडात जिवाणू वाढतात आणि वास धरतो, साबण कितीही चांगला असला तरी.

बहुतेक घरांत या टप्प्यावर आणखी एक हुकांची पट्टी आणली जाते. इथेही आणली होती, कपाटात पडून होती. ती लावली असती तर टॉवेल आणखी दाटीवाटीने लटकले असते, एवढंच. बाथरूममध्ये एका वेळी एकच माणूस अंघोळ करतं. मग पाच टॉवेलांनी चोवीस तास तिथे का लटकायचं? जो अंघोळीला गेलाय त्याचा टॉवेल आत हवा, बाकीच्यांचे वाळायला जिथे वारा आहे तिथे. हे एकदा ठरलं की बाथरूममध्ये नेमक्या किती टॉवेलांची सोय हवी, हा प्रश्न मोजता येतो.

म्हणून आधी कोण कधी अंघोळ करतं ते विचारलं. आजी पहाटे, मग ताई, मग मुलगा. हे तिघं सकाळी साडेसातच्या आत मोकळे. मुलगी आणि तिचे बाबा लोकलच्या घामातून घरी आले की रात्री अंघोळ करतात. सकाळच्या तिघांचे टॉवेल बाल्कनीतल्या सीलिंग हँगरवर जाऊ शकतात, दिवसभर तिथे वारा आणि थोडं ऊनही असतं. रात्रीच्या दोघांचे टॉवेल मात्र आतच राहणार. रात्री दहा वाजता ओला टॉवेल घेऊन बाल्कनीत जाऊन दोरी खाली ओढायची, हे कुणी करत नाही. तेव्हा आत जागा हवी ती दोन ओल्या टॉवेलांची, आणि तीही दोन्ही पूर्ण उघडे पसरतील अशी.

टॉवेल काट्यावर

घरातले टॉवेल लग्नात, वास्तुशांतीत भेट आलेले. जाड, मऊ, छान दिसणारे, ७५ बाय १५० सेंटीमीटरचे. लेबलं कधीच निघून गेली होती. टॉवेलाचा जाडपणा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. लेबल नसलं तरी ते काढता येतं. कोरडा टॉवेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा आणि आलेलं वजन त्याच्या क्षेत्रफळाने भागायचं. ७५ बाय १५० म्हणजे १.१२५ चौरस मीटर. काट्याने ६४० ग्रॅम दाखवले. म्हणजे जीएसएम ५७० च्या आसपास. हा हॉटेलातला टॉवेल झाला. तिथे तो रोज मशिनमध्ये वाळतो आणि घडी होऊन येतो. डोंबिवलीच्या जुलैत, वारा न खेळणाऱ्या चार बाय सातच्या खोलीत तो दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

नवे टॉवेल घेतले ते ६० बाय १२० सेंटीमीटरचे, वजन साधारण २४० ग्रॅम, म्हणजे जीएसएम ३३० च्या जवळपास. दुकानात हातात घेतल्यावर हे टॉवेल गरीब वाटतात. ताईंचा चेहरा पडला होता. पण सोलापूरच्या टेरी टॉवेलांत या वजनाचे पुष्कळ मिळतात, आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतर त्यांचे लूप फुलून पाणी चांगलं टिपायला लागतात. नवा कोरा टॉवेल पाणी नुसतं ढकलतो, तेव्हा वापरायच्या आधी तो साध्या पाण्यात धुवायचाच. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण मात्र टॉवेलांना लावू नये. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल मऊ लागला तरी पाणी ओढेनासा होतो. ताईंच्या जुन्या टॉवेलांचंही हेच झालं होतं, त्यामुळे अंग पुसायला दुप्पट वेळ लागायचा.

बाबांनी मात्र हरकत घेतली, आणि ती खरी होती. १२० सेंटीमीटरचा टॉवेल त्यांच्या कमरेला गुंडाळला की पदर जेमतेम वीतभर उरतो. त्यांच्यासाठी ७५ बाय १५० चाच घेतला, पण पातळ, चारशे ग्रॅमच्या आतला. आजींना टॉवेल नकोच होता. त्यांचा पंचा पिळून झटकला की तासा-दोन तासांत वाळतो, आणि खरं सांगायचं तर या घरात सगळ्यात शहाणी निवड त्यांचीच होती.

रंगाबद्दल घरात थोडी वादावादी झाली. प्रत्येकाचा टॉवेल ओळखू यावा म्हणून लाल, हिरवा, पिवळा, निळा असे वेगवेगळे घ्यायचे, असा मुलाचा आग्रह. ओळख पटते, पण चार भडक रंग एका लहान खोलीत शेजारी आले की घडी कितीही नीट घाला, पसारा वाटतो. आम्ही सगळे टॉवेल एकाच राखाडी निळ्या छटेचे घेतले आणि ओळख लुपावर नेली. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून प्रत्येक टॉवेलाला वेगळ्या रंगाच्या फितीचा लूप शिवून घेतला: बाबांची तांबडी, ताईंची पांढरी, मुलीची काळी, मुलाची केशरी. लांबून पाहिलं तर सगळे एक, हातात घेतला की आपला कोणता ते कळतं. पांढरे टॉवेल मी या घरात सुचवलेच नाहीत. केसाचं तेल, मेंदी आणि दिवाळीचं उटणं यांपुढे पांढरा टॉवेल वर्षभरही टिकत नाही. जुन्या जाड टॉवेलांपैकी एक मुलीने मेंदीच्या दिवसासाठी ठेवला, एक फरशीला गेला.

लूप कुठे शिवायचा, हे शिंप्याला सांगावं लागतं, नाहीतर तो आखूड बाजूच्या मध्ये शिवतो. कारखान्याचे लूपही बऱ्याचदा तिथेच असतात. तिथे लटकवलेला टॉवेल पूर्ण लांबीने खाली येतो. १५० सेंटीमीटरचा टॉवेल १६५ सेंटीमीटर उंचीच्या हुकावर टांगला तर त्याची टोकं फरशीपासून वीतभरही वर राहत नाहीत. बादलीतलं पाणी उडतं ते बरोबर तिथे. लूप लांब बाजूच्या मध्यावर घेतला की टॉवेल दोन्हीकडे झुकून लटकतो आणि खाली बराच कमी येतो. ६० बाय १२० च्या टॉवेलाचं सगळ्यात लांबचं टोकही हुकापासून ८५ सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. फितीच्या तुकड्यांनी आणि अर्ध्या तासाच्या शिलाईने टॉवेल फरशीवरून उचलला गेला.

रॉड, हुक आणि टाइल

बाथरूममध्ये नळ, शॉवर आणि गीझर डाव्या लांब भिंतीवर. समोर उंचावर काचेच्या पट्ट्यांची खिडकी. दार आत उघडून डाव्या भिंतीकडे जातं, त्यामुळे उजवी भिंत पूर्ण मोकळी. सात फुटांची ती भिंत, म्हणजे २१३ सेंटीमीटर. शॉवरचं पाणी कुठवर उडतं ते पाहायला आम्ही तो दोन मिनिटं चालू ठेवला आणि भिंतीवर ओली रेष कुठे थांबते तिथे पेन्सिलीने खूण केली. खिडकीकडचे ८० सेंटीमीटर ओल्या भागात गेले. उरले १३३. चोवीस इंची टॉवेल रॉड म्हणजे ६१ सेंटीमीटर. असे दोन एका रेषेत बसतात आणि मध्ये चार-पाच बोटं अंतर उरतं.

दुकानदार डबल रॉड घ्या म्हणाला, एकाच ब्रॅकेटवर मागे-पुढे दोन दांड्या. दिसायला छान आणि जागाही वाचते. पण दोन दांड्यांत सहा-सात सेंटीमीटरचंच अंतर असतं. दोन ओले टॉवेल एकमेकांना चिकटतात आणि मागचा तर भिंत आणि पुढचा टॉवेल यांच्यात कोंडला जातो. हात पुसायच्या कोरड्या टॉवेलांसाठी डबल रॉड चालेल. अंघोळीच्या ओल्या टॉवेलांसाठी नको.

उंची ठरवली आजींच्या हाताने. हात न ताणता त्यांना जिथे दांडी धरता येईल ती जागा फरशीपासून १३५ सेंटीमीटरवर आली. १२० चा टॉवेल दांडीवर मधोमध टाकला की साठ सेंटीमीटर खाली येतो, म्हणजे त्याचा काठ ७५ वर राहतो. बादलीच्या कडेपेक्षा तो दुप्पट उंच. बाबांच्या टॉवेलाचा काठ साठपर्यंत येतो, तेही चालतं. एक गोष्ट आजींना मी दोनदा सांगितली: हा रॉड आधाराला धरायचा नाही. टॉवेल रॉड माणसाचं वजन घ्यायला केलेला नसतो. त्यांच्यासाठी नळाशेजारी वेगळा ग्रॅब बार लावला, जाड पाइपचा, मोठ्या स्क्रूंचा.

हुक दोनच. दार ज्या आखूड भिंतीत आहे तिथे दाराशेजारी पन्नास सेंटीमीटरची पट्टी उरते, तिथे एकमेकांपासून तीस सेंटीमीटरवर आणि फरशीपासून दीड मीटर उंचीवर. एक काढलेल्या कपड्यांसाठी, एक घालायच्या कपड्यांसाठी. टॉवेलाला हुक नाही, हे मुद्दाम. हुकावर टॉवेल एका बिंदूपाशी गोळा होतो आणि त्या चुण्यांत ओल राहते. दांडीवर तो पसरतो. फितीचे लूप मग कशाला, असं तुम्ही विचाराल. ते बाल्कनीसाठी. सीलिंग हँगरच्या पाइपला टॉवेल चिमट्याने लावताना चिमटा लुपाला लागतो, कापडावर डाग पडत नाही.

छिद्र पाडायला आलेल्या मिस्त्रीचं काम मी उभी राहून पाहिलं. टाइलला आधी बोटाच्या पेराने ठोकायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर तिथे मागे माल नीट भरलेला नाही, छिद्र पाडलं तर टाइल तडकते किंवा स्क्रूची गिट्टी सैल बसते. आमची एक खूण पोकळ निघाली, म्हणून दोन्ही रॉड तीन सेंटीमीटर दाराकडे सरकवले. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही. चकचकीत थर पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, साध्या फिरकीने, टाइलचं बिट लावून, सावकाश. टाइल पार झाल्यावर मागच्या सिमेंटला हॅमर. छिद्र टाइलच्या कडेजवळ नको. आणि नळाच्या किंवा गीझरच्या उभ्या रेषेत तर नकोच, आत पाइप असतो. उजव्या भिंतीवर एकही नळ नव्हता, तरी मिस्त्रीने पलीकडे संडासाच्या बाजूला जाऊन फ्लशचा पाइप कुठून जातो ते पाहिलं. अशा माणसाला पुढच्या कामालाही बोलवावं.

घडी: ओल्याची वेगळी, कोरड्याची वेगळी

मासिकांतल्या फोटोंत टॉवेल तिहेरी घडी करून दांडीवर टाकलेला असतो, वर छोटा नॅपकिन, त्यावर फुलाची घडी. तो टॉवेल कुणी वापरत नाही. लांबीत तीन पदर आणि दांडीवरून दोन बाजू, म्हणजे सहा थर झाले. ओला टॉवेल तसा ठेवला तर आतले थर दुसऱ्या दिवशी तसेच दमट सापडतात. या घरात नियम केला की ओला टॉवेल दांडीवर पूर्ण उघडा, एकही घडी नाही. ६० सेंटीमीटर रुंदीचा टॉवेल ६१ च्या दांडीवर बरोबर कडेपासून कडेपर्यंत बसतो. रॉडची लांबी आणि टॉवेलाची रुंदी एकमेकांना धरून निवडली होती, त्याचा उपयोग इथे दिसतो. उघडा टॉवेल सरळ ताणलेला असला की तोच व्यवस्थित दिसतो, घडीची गरज उरत नाही. पुढची बाजू मागच्यापेक्षा दोन बोटं लांब ठेवायची, म्हणजे मागचा काठ खालून डोकावत नाही. दारातून पाहिलं की एक सलग आयत दिसतो.

बाबांचा टॉवेल ७५ चा, तो दांडीवर चौदा सेंटीमीटरने जास्त. याला सरळ उपाय नाही. एका बाजूची कड आत दुमडून भिंतीकडे ठेवावी लागते आणि ती दुमड सगळ्यात शेवटी वाळते. पावसाळ्यात सकाळी ताई तो टॉवेल उलटा टाकतात, दुमड दुसऱ्या कडेला येते. तीस इंची रॉड घेतला असता तर हा त्रास नव्हता, पण मग दुसरा चोवीस इंची रॉड भिंतीवर बसला नसता.

कोरड्या टॉवेलांची जागा बाथरूममध्ये ठेवलीच नाही. गीझरच्या वाफेत घडी घातलेले कापड दमट होतं. बेसिनच्या शेजारी पॅसेजमध्ये तीस सेंटीमीटर खोलीचं कपाट आहे, त्यातला एक कप्पा टॉवेलांना दिला. घडी त्या कप्प्याच्या मापाची: ६० रुंदीचा टॉवेल लांबीत एकदा मध्यावर, म्हणजे तीस रुंद पट्टी, मग १२० लांबी मध्यावर, आणि पुन्हा मध्यावर. तीस बाय तीसची चौकोनी घडी होते आणि कप्पा कडेपर्यंत भरतो. ठेवताना गोल दुमड समोर, मोकळे काठ आत. नीटनेटकेपणाचा निम्मा भाग या एका सवयीत आहे. त्याच टॉवेलांची चवड उलटी ठेवून बघा, शिवणीच्या कडा आणि लूप बाहेर लोंबतात आणि कप्पा विस्कटलेला दिसतो. धुऊन आलेला टॉवेल चवडीच्या खाली सरकवायचा आणि वापरायला वरचा घ्यायचा. नाहीतर वरचेच दोन झिजतात आणि खालचे वर्षानुवर्षं नवे राहतात.

प्रत्येकाला दोन टॉवेल. एक वापरात, एक कपाटात किंवा धुण्यात. तीन-चार अंघोळींनंतर धुवायचा, पावसाळ्यात त्याआधीही. नाकाशी धरून ठरवायचं, वारावर नाही.

बेसिनपाशी आधी टॉवेल रिंग होती. गोल रिंगमध्ये नॅपकिन चुणीत लोंबतो आणि पाच माणसं दिवसभर हात पुसतात, त्यामुळे तो संध्याकाळी ओला चिंब. रिंग काढून तिथे बारा इंची छोटा रॉड लावला. ४० बाय ६० चा नॅपकिन मधोमध घडी घालून त्यावर बसतो, आणि दुपारी जेवणानंतर बदलायचा. हे काम मुलाला दिलंय. तो कधी विसरतो, पण आजी विसरू देत नाहीत.

पुढे काय झालं

पावसाळा सुरू झाल्यावर मी कपाटांच्या उरलेल्या कामाला गेले होते, तेव्हा बाथरूम पाहिली. कुबट वास नव्हता. दारामागची पट्टी काढलेली, तिच्या डिंकाचे डाग खोबरेल तेलाने पुसून काढलेले. बाल्कनीत पाऊस आत येत होता, म्हणून सकाळचे टॉवेल हॉलमध्ये पंख्याखाली कपड्यांच्या स्टँडवर. पातळ असल्यामुळे ते दुपारपर्यंत वाळत होते.

एक रॉड हलत होता. बाबांनी भिंतीचे स्क्रू शोधायला ब्रॅकेटची टोपी काढायचा प्रयत्न केला होता. बहुतेक रॉडमध्ये भिंतीवरच्या पट्टीला ब्रॅकेट खालून एका बारीक स्क्रूने धरलेलं असतं आणि तोच सैल होतो. रॉडच्या खोक्यात आलेली एल आकाराची किल्ली त्याचीच. पाव फेरा आवळला, हलणं थांबलं. ही किल्ली लोक खोक्यासकट टाकून देतात. ताईंनी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली.

मुलगी अजून केसांचा जाड टॉवेल दुसऱ्या रॉडवर बाबांच्या टॉवेलावर टाकते, आणि त्यावरून सकाळी आवाज होतो. लांब केस पुसायला पातळ टॉवेल पुरत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. तिच्यासाठी केस गुंडाळायचा छोटा मायक्रोफायबरचा टॉवेल आणलाय. तो वाळतो लवकर आणि घालायच्या कपड्यांच्या हुकावर मावतो. मात्र तो इतर टॉवेलांबरोबर धुवायचा नाही, सुती टॉवेलांचे बारीक तंतू त्याला चिकटतात.

गणपतीत या घरी गावाहून माणसं येतात, सात-आठ तरी. त्या पाच दिवसांसाठी दोन रॉड पुरणार नाहीत आणि ते वाढवायचेही नाहीत. कपाटातल्या वरच्या कप्प्यात आजींनी पाहुण्यांसाठी नवे सुती पंचे घडी घालून ठेवलेत. आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात एक द्यायचा, बाल्कनीतला एक पाइप दाखवायचा, आणि जाताना धुऊन परत त्याच कप्प्यात.